दारातला म्हातारा आणि वाट दाखवणारी बाई: एका शास्त्रज्ञाच्या स्वप्नांचं प्रकरण

प्रकरण कुणाचं

स्वित्झर्लंडमधल्या अस्कोना गावी १९३५ च्या एरानोस परिषदेत मानसोपचारतज्ज्ञ कार्ल गुस्ताव युंगनं एका माणसाची स्वप्नं ओळीनं मांडली. माणूस कोण, हे सांगितलं नाही. विज्ञानाचं शिक्षण झालेला, तल्लख बुद्धीचा तरुण, एवढीच ओळख. दोन वर्षांनी अमेरिकेत येल विद्यापीठातल्या व्याख्यानांत आणि पुढे १९४४ साली किमयाविद्येवरच्या ग्रंथात तोच निनावी तरुण पुन्हा आला. स्वप्नं छापायला त्याची हरकत नव्हती, फक्त नाव बाहेर पडता कामा नये, ही अट होती. ती युंगनं पाळली. दोघंही गेल्यावर त्यांचा पत्रव्यवहार छापला गेला आणि आता ते नाव उघड आहे: वोल्फगांग पाउली, १९४५ चं नोबेल मिळवणारा भौतिकशास्त्रज्ञ.

स्वप्नात आलेल्या ज्ञानी म्हाताऱ्याच्या किंवा वाट दाखवणाऱ्या बाईच्या गोष्टी पुष्कळ ऐकायला मिळतात, पण बहुतेक एका रात्रीच्या असतात. स्वप्न पडलं, उत्तर मिळालं, संपलं. पाउलीच्या बाबतीत तीच आकृती वीस वर्षं रूप बदलत येत राहिली. तिच्याशी काय करायचं याचे निर्णय दर टप्प्यावर घ्यावे लागले आणि त्यांतले काही माझ्या मते अर्धवट राहिले. म्हणून हे प्रकरण.

पार्श्वभूमी

पाउली १९०० साली व्हिएन्नात जन्मला. पंचविशीत त्यानं अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीचा नियम सांगितला आणि १९२८ पासून तो झुरिकच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक होता. दुसऱ्याच्या सिद्धांतातली चूक तो क्षणात पकडायचा आणि तोंडावर सांगायचा. त्याच्या टीकेची धास्ती मोठमोठ्यांना असे.

घरची बाजू मात्र कोसळत चालली होती. नोव्हेंबर १९२७ मध्ये आईनं विष घेऊन जीव दिला. वडिलांनी लवकरच एका तरुण बाईशी लग्न केलं. १९२९ मध्ये पाउलीनं कॅथलिक चर्च सोडलं आणि वर्षाअखेरीस एका नर्तकीशी लग्न केलं, तेही वर्षभरात मोडलं. घटस्फोटानंतर काही दिवसांतच, ४ डिसेंबर १९३० ला, त्यानं ते प्रसिद्ध पत्र लिहिलं ज्यात न्यूट्रिनो या कणाची कल्पना पहिल्यांदा आली. म्हणजे डोकं चालत होतं, उलट कधी नव्हे इतकं चालत होतं. संध्याकाळ झाली की तोच माणूस दारूच्या गुत्त्यात मारामारी करून बसलेला असे.

अडचण

युंगकडे जा, असं वडिलांनीच सुचवलं. १९३२ च्या सुरुवातीला पाउली त्याला भेटला. तक्रार त्यानं स्वतःच नेमकी सांगून ठेवली आहे. एका पत्रात तो लिहितो की विद्वत्तेच्या क्षेत्रात यश मिळवणं आपल्याला जितकं सोपं जातं तितकं बायकांच्या बाबतीत जात नाही. युंगचं साधारण उलटं दिसतं, म्हणून तोच योग्य वैद्य वाटला. हा विनोद आहे, पण रोगाचं वर्णनही त्यात आहे.

युंगच्या भाषेत सांगायचं तर या माणसानं मनाचा सगळा भार बुद्धीवर टाकला होता. भावना, श्रद्धा, स्त्रीशी नातं हे सगळं तळघरात टाकून वरून फळी ठोकलेली. अशी फळी कधीतरी खालून हलायला लागते. पाउलीला त्या काळात भरभरून स्वप्नं पडत होती आणि त्यांतली पुष्कळ त्याच्या रोजच्या आयुष्याशी जुळत नव्हती. युंगला ती पुराणकथांच्या, जुन्या धर्मप्रतीकांच्या जातीची वाटली.

युंगच्या मनात आधीपासून काय होतं

आतल्या मार्गदर्शकाची कल्पना युंगनं पुस्तकातून उचललेली नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या आसपास तो स्वतः मनानं हादरलेला असताना त्याच्या स्वप्नात आकाशातून एक म्हातारा उडत आला होता. बैलाची शिंगं, खंड्या पक्ष्याचे रंगीत पंख, हातात चार किल्ल्यांचा जुडगा. युंगनं त्याला फिलेमॉन नाव दिलं, त्याचं चित्र काढलं आणि बागेत फेऱ्या मारत त्याच्याशी बोलायला लागला. फिलेमॉनकडून आपण एक गोष्ट शिकलो, असं तो सांगे: मनात येणारे विचार आपणच तयार करतो असं नाही, काही आपोआप येतात आणि त्यांना स्वतःचं आयुष्य असतं. पुष्कळ वर्षांनी गांधीजींचे एक वयस्कर भारतीय स्नेही त्याला भेटायला आले. तुमचे गुरू कोण, असं युंगनं विचारल्यावर त्यांनी सहज सांगितलं, शंकराचार्य. म्हणजे वेदांवरचे भाष्यकार? ते तर शेकडो वर्षांपूर्वी गेले, असं युंग म्हणाला. हो, तेच, असं उत्तर आलं. युंगला फार हायसं वाटलं. आपल्याला जे झालं त्याला कुठेतरी रीतसर जागा आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं.

या अनुभवांतून आणि रुग्णांच्या स्वप्नांतून त्यानं मांडलेली कल्पना थोडक्यात अशी. माणूस अशा पेचात सापडतो की त्याची नेहमीची अक्कल पुरत नाही. तेव्हा नेणिवेतून एक आकृती वर येते आणि त्याला कमी पडणारी समज घेऊन येते. पुरुषाच्या स्वप्नात ती बहुधा आधी अनोळखी बाईच्या रूपात येते. ही बाई नेणिवेच्या दारापर्यंत नेते. पुढे कधी म्हातारा, गुरू, पुजारी, डॉक्टर अशा रूपांत अर्थ सांगणारी आकृती भेटते. लोककथांत रानात चुकलेल्या पोराला भेटणारा म्हातारा तो हाच. तो आधी विचारतो, कुठून आलास, कुठे निघालास, आणि मग एखादी वस्तू हातात देतो. युंग याला आदिबंध म्हणतो, म्हणजे शिकवल्याशिवाय माणसाच्या मनात असलेला साचा. त्याच्या वाईट बाजूबद्दलही त्यानं स्पष्ट लिहिलं आहे. हा म्हातारा फसवू शकतो. शिवाय पाहणारा स्वतःलाच तो म्हातारा समजू लागला, तर माणूस फुगतो आणि वाया जातो.

पहिला निर्णय: हाती घ्यायचं की दूर ठेवायचं

युंगसमोर सरळ मार्ग होता, स्वतः उपचार करायचे. रुग्ण त्याच्याकडेच आला होता, त्याच्यावर विश्वास ठेवून. एखाद्या मुरलेल्या सहकाऱ्याकडे पाठवणं हाही मार्ग होता. त्यानं तिसराच निवडला. एर्ना रोझेनबाउम या नवख्या डॉक्टर बाईकडे पाउलीला पाठवलं. कारण त्यानं १९३५ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधल्या व्याख्यानांत मोकळेपणानं सांगितलं: या माणसात प्राचीन प्रतीकांचा साठा ओसंडून वाहतोय हे आपल्याला दिसलं आणि तो आपल्या प्रभावाशिवाय, अगदी शुद्ध मिळावा म्हणून आपण त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. बाई नवखी होती आणि तिला या प्रतीकांची फारशी माहिती नव्हती, हेच त्याला हवं होतं.

या निर्णयाचे दोन हिशेब मांडता येतात. पुराव्याच्या बाजूनं तो हुशारीचा होता. ज्याच्या स्वतःच्या स्वप्नात शिंगवाला म्हातारा येऊन गेलाय, त्याच्या खुर्चीसमोर बसलेल्या रुग्णालाही म्हातारे दिसू लागले तर कोण विश्वास ठेवेल? रुग्ण वैद्याच्या आवडीची स्वप्नं पाहतात, हे या धंद्यातलं जुनं दुखणं आहे. रुग्णाच्या बाजूनं मात्र यात एक खोच आहे. आई गेलेली, बायको गेलेली, बायकांवर विश्वास नाही, अशा माणसाला न विचारता एका बाईकडे पाठवलं आणि त्यामागे उपचाराइतकाच प्रयोगही होता. रोझेनबाउमला लिहिलेल्या पहिल्याच पत्रात पाउली कुरकुरतो की युंगनं नकार दिला याचं नवल वाटलं, कारण आपण बायकांच्या बाबतीत हळवे आणि थोडे संशयी आहोत.

तरी तो गेला. पाच महिने रोझेनबाउमकडे, पुढचे तीन महिने एकट्यानं स्वप्नं टिपत आणि मग युंगकडे. युंगनं अभ्यासलेल्या पहिल्या चारशे स्वप्नांपैकी ३५५ स्वप्नं युंगशी संपर्क नसतानाची आहेत, फक्त शेवटची ४५ त्याच्या देखरेखीखालची.

स्वप्नांत काय घडत गेलं

पहिलं स्वप्न किरकोळ वाटेल असं आहे. कुठल्याशा बैठकीतून निघताना तो स्वतःची सोडून दुसऱ्याची टोपी घालतो. युंगनं या टोपीवर पानंच्या पानं लिहिली. आपण एवढंच धरू की सुरुवातच 'डोक्यावर दुसऱ्याचं काहीतरी आलं' अशी आहे.

मग बाई येते. आधी बायकांचा अस्पष्ट घोळका. नंतर जिन्यावर बसलेली एक बुरख्यातली बाई. पुढे ती चेहरा उघडते तर तो सूर्यासारखा तळपतो. आणि मग एक छोटंसं दृश्य, ज्याला गोष्टही नाही: मेंढ्यांच्या प्रदेशात ती अनोळखी बाई उभी आहे आणि वाट दाखवते आहे. ती बोलत नाही, कुठे जायचं सांगत नाही, बोट दाखवते.

या क्रमाकडे लक्ष द्यायला हवं. ज्याची तक्रार बायकांपासून सुरू होते, त्याच्या स्वप्नात बाई आधी घोळका असते, मग झाकलेली एक आकृती, मग चेहरा असलेली व्यक्ती आणि शेवटी वाटाडी. एक स्वप्न घेऊन हे कळणार नाही. युंगचा मालिकेवर भर होता तो यासाठीच. एखाद्या स्वप्नाचा अर्थ आपण लावला आणि तो चुकला, तर पुढची स्वप्नं तो दुरुस्त करतात, पण त्यासाठी ती ओळीनं लिहिलेली असावी लागतात.

आता मालिकेतलं माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं स्वप्न. पाउली एका गंभीर घरापाशी येतो. घराचं नाव 'मन एकवटण्याचं घर' अशा अर्थाचं आहे. आत पाठीमागे पुष्कळ मेणबत्त्या जळत आहेत, चार टोकदार शिखरं दिसतील अशा रचलेल्या. दारात एक म्हातारा उभा आहे. लोक आत जातात, बोलत नाहीत, मन एकाग्र करण्यासाठी कितीतरी वेळ निश्चल उभे राहतात. म्हातारा त्याला या लोकांबद्दल सांगतो: बाहेर पडतात तेव्हा ते शुद्ध झालेले असतात. पाउली आत जातो आणि त्यालाही पुरतं एकाग्र होता येतं. तेवढ्यात एक आवाज येतो. आवाज म्हणतो, तू करतोयस ते धोक्याचं आहे. बाईच्या प्रतिमेपासून सुटका व्हावी म्हणून भरायचा कर म्हणजे धर्म नव्हे. ती प्रतिमा टाळता येणार नाही. मनाच्या आयुष्याच्या एका बाजूऐवजी जे धर्म वापरतात त्यांचं काही खरं नाही. जगण्याच्या पूर्णतेतून तुझा धर्म तुला जन्माला घालायचा आहे. बाहेर पडताना त्याला पेटता डोंगर दिसतो आणि विझवता न येणारी आग पवित्रच असणार, असं वाटतं.

दारातला म्हातारा काय करतो ते पाहा. तो जवळजवळ काहीच शिकवत नाही, आत जाऊन आलेल्यांचं काय होतं एवढंच सांगतो. आवाज जे सांगतो ते पाउलीच्या सोयीचं अजिबात नाही. चर्च सोडलेल्या बुद्धिवाद्याला तो धर्म घे म्हणतो, आणि त्याच दमात बजावतो की धर्माच्या आडोशाला लपून बाईपासून पळू नकोस. दोन्ही पळवाटा एकदम बंद. मार्गदर्शक आकृती खरी आहे की आपल्याच इच्छेनं म्हाताऱ्याचा वेष घेतला आहे, हे ओळखण्याची एक खूण इथे सापडते. इच्छा आपल्याला हवं ते सांगते. आकृती आपल्याला ठाऊक नसलेलं किंवा नकोसं सांगते, आणि सांगून झाल्यावर आपली स्तुती करत नाही.

दुसरा निर्णय: आवाजाचं काय करायचं

असा अधिकारवाणीनं बोलणारा आवाज पाउलीच्या स्वप्नांत वारंवार येत होता. बहुधा स्वप्नाच्या शेवटी, ठाम, एका वाक्यात निकाल दिल्यासारखा. वाद घालण्यात पटाईत असलेल्या या माणसाला त्यावर प्रतिवाद सुचत नसे.

तिथे मार्ग बरेच होते. हा वडिलांचाच आवाज, लहानपणी आत जाऊन बसलेला, असं म्हणता आलं असतं. फ्रॉइडच्या वळणाचा कुणीही तेच म्हणाला असता आणि ते सहज फेटाळण्यासारखं नाही. देवाची आज्ञा समजून पाउली चर्चमध्ये परतू शकला असता. थकलेल्या मेंदूची बडबड म्हणून दुर्लक्ष करता आलं असतं, आणि एरवी त्यानं तेच केलं असतं. युंगनं चौथा अर्थ धरला. आपली जाणीव हा ज्या मोठ्या व्यक्तिमत्त्वाचा एक तुकडा आहे, ते व्यक्तिमत्त्व बोलतंय. म्हणून त्याचं ऐकायचं, पण त्यापुढे लोटांगण घालायचं नाही.

हे मत झालं. त्याची पारख कशी झाली, हे जास्त उपयोगाचं आहे. युंग नोंदवतो की हा माणूस जेव्हा जेव्हा या अनुभवाशी बेइमानी करू पाही, आवाज नाकारू पाही, तेव्हा तेव्हा त्याची जुनी लक्षणं तत्काळ परत येत. आग विझवणं त्याला जमत नव्हतं. अर्थ बरोबर होता हे यावरून सिद्ध होत नाही, पण स्वप्न पोकळ नव्हतं, एवढं कळतं.

एक मर्यादा इथेच नोंदवून ठेवतो. हे सगळं झोपेतल्या आवाजाबद्दल आहे. जागेपणी आवाज ऐकू येत असेल, आज्ञा करत असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, तर तिथे आदिबंध शोधत बसू नये. माणसाला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं.

विश्वघड्याळ आणि थांबणं

मालिकेच्या शेवटाकडे पाउलीला एक दृश्य दिसलं, ज्याला 'विश्वघड्याळ' म्हणतात. एकाच केंद्राची दोन वर्तुळं, एक उभं, एक आडवं, एका काळ्या पक्ष्यानं तोललेली. उभी चकती निळी, पांढऱ्या कडेची, ३२ भागांत विभागलेली, तिच्यावर फिरता काटा. आडवं वर्तुळ चार रंगांचं, त्यावर लंबक घेतलेली चार चिमुकली माणसं आणि भोवती सोन्याचं कडं. तीन वेगवेगळ्या लयी एकमेकींत गुंतलेल्या. त्याला परम सुसंवादाचा अनुभव आला आणि त्यानंतर मन पुष्कळ शांत झालं.

युंग टॅव्हिस्टॉकमध्ये समाधानानं सांगतो की दारू सुटली, माणूस सर्वार्थानं ताळ्यावर आला. एप्रिल १९३४ मध्ये पाउलीनं दुसरं लग्न केलं आणि हे लग्न अखेरपर्यंत टिकलं. ऑक्टोबर १९३४ मध्ये त्यानं युंगला कळवलं की स्वप्नं आणि त्यांचे अर्थ यांपासून जरा दूर जावंसं वाटतंय, बाहेरून आयुष्य काय आणतं ते बघायचं आहे. युंगनं अडवलं नाही.

तिसरा निर्णय हा. उपचार म्हणून पाहिलं तर थांबणं योग्यच होतं. रुग्ण बरा झाला, त्याला जगायचं आहे, त्याला स्वप्नांच्या वहीत कोंडून ठेवण्यात अर्थ नाही. पण मला यात एक फट दिसते. शेवटचं मोठं चित्र सुंदर होतं, भौमितिक होतं, आणि त्यात माणसासारखा माणूस नव्हता. चेहरा उघडणारी बाई गेली, दारातला म्हातारा गेला, उरली वर्तुळं, आकडे आणि लयी. भौतिकशास्त्रज्ञाला परवडणारं चित्र. आवाजानं जे बजावलं होतं, की ती प्रतिमा टाळू नकोस, तेच या सुसंवादात अलगद बाजूला सरलं. पुढे काही वर्षांत दारूही थोडीफार परतली.

परका येतो

युद्धाच्या काळात पाउली अमेरिकेत प्रिन्स्टनला होता. १९४६ मध्ये तो झुरिकला परतला आणि आकृती पुन्हा आली. आता ती वेगळी होती. एका स्वप्नात शेजारी एक सोनेरी केसांचा माणूस उभा आहे आणि पाउली जुनं पुस्तक वाचतोय. त्यात कोपर्निकसच्या अनुयायांवरचे खटले आहेत आणि खगोलशास्त्रज्ञ केप्लरची ख्रिस्ती त्रिमूर्तीची आकृती. दुसऱ्या एका स्वप्नात तोच पाहुणा सडपातळ, सावळा, इराणी दिसणारा तरुण आहे. त्याला तंत्रविद्यापीठात प्रवेश हवाय आणि मिळत नाही, म्हणून तो गुपचूप शिकतो. तू माझी सावली आहेस का, असं पाउली विचारतो. उत्तर येतं: मी तुझ्या आणि उजेडाच्या मधे आहे, तेव्हा सावली तू आहेस.

पाउली त्याला नुसतं 'परका' म्हणायचा. युंगची पत्नी एमा तेव्हा ग्रेल या पवित्र पात्राच्या शोधाच्या दंतकथेवर काम करत होती. १९५० मध्ये पाउलीनं तिला लांबलचक पत्र लिहून आपल्या परक्याची तुलना त्या कथेतल्या मर्लिनशी केली. मर्लिन ज्ञानी आहे, जादूगार आहे, पण तो स्वतःही अडकलेला आहे, त्यालाही सुटका हवी आहे.

मला वाटतं, आतल्या मार्गदर्शकाबद्दल लोक हा भाग ऐकतच नाहीत. मार्गदर्शक देतो, हे सगळ्यांना आवडतं. तो मागतो, हे विसरलं जातं. आपल्याकडे तुकोबांच्या गुरूपदेशाच्या अभंगात हे अगदी साधेपणानं आलं आहे. स्वप्नात बाबाजी डोक्यावर हात ठेवतात, रामकृष्णहरी मंत्र देतात, आणि जेवणासाठी पावशेर तूप मागतात. तुकोबांना विसर पडतो. सेवा घडली नाही, ही रुखरुख अभंगाच्या पहिल्याच ओळीत आहे. पण तुकोबांच्या स्वप्नातले गुरू परंपरेची खूण सांगतात, राघवचैतन्य, केशवचैतन्य अशी माळ देतात. ऐकणाऱ्या गावालाही अशा स्वप्नाचं काय करायचं ते ठाऊक असतं. पाउलीच्या परक्याला कुठलीच माळ नव्हती. तो विज्ञानाच्या दारात उभा होता आणि तिथल्या नोंदवहीत त्याच्यासाठी रकानाच नव्हता.

चौथा निर्णय: परक्याला कुठे आणि किती आत घ्यायचं

परक्याला हाकलणं पाउलीला शक्य नव्हतं, त्याचा अनुभव त्याला होताच. त्याचं सांगणं शब्दशः घेऊन भौतिकशास्त्र सोडणंही वेडेपणाचं झालं असतं. त्यानं मधला मार्ग काढला आणि तो चांगला काढला: स्वप्नानं दाखवलेली गोष्ट अभ्यासकाच्या शिस्तीनं तपासायची. केप्लर आणि त्याचा विरोधक फ्लड यांचे ग्रंथ त्यानं वाचले. केप्लरच्या डोक्यात सूर्यकेंद्री विश्व येण्याआधी त्रिमूर्तीचं चित्र कसं काम करत होतं, हे मांडलं. १९४८ मध्ये झुरिकच्या मानसशास्त्र मंडळात त्यावर व्याख्यानं दिली आणि १९५२ मध्ये तो निबंध युंगच्या निबंधासोबत एकाच पुस्तकात आला. स्वप्नातून सुरू होऊन दुसऱ्यांना तपासता येईल अशा कामात संपलेला हा दुर्मिळ धागा आहे.

पण बाकीचं त्यानं पत्रांतच ठेवलं. सहकाऱ्यांना बहुतेक काही सांगितलं नाही. भौतिकशास्त्राच्या पार्श्वभूमीवरचा त्याचा एक मोठा लेख त्याच्या हयातीत छापलाच गेला नाही. आणि १९५२ च्या सप्टेंबरात पुन्हा बाई आली.

आता ती चिनी आहे. ती पुढे चालते आणि मागे ये अशी खूण करते. जमिनीतलं एक झाकण उघडून पायऱ्या उतरते. एकही शब्द बोलत नाही, नाचाच्या हालचालींतून सांगते. पाउली मागोमाग उतरतो तर खाली व्याख्यानाचं सभागृह आहे आणि तिथे परके लोक त्याची वाट पाहत बसले आहेत. तू व्यासपीठावर जाऊन बोल, असं ती सुचवते. तो थांबून राहतो, तेव्हा ती लयीत पायऱ्या चढून उघड्यावर जाते, पुन्हा उतरते, पुन्हा चढते. डाव्या हाताचं बोट वर, उजव्याचं खाली. ती फेऱ्या घेत राहते तसतसं वरच्या आणि खालच्या मजल्यातलं अंतर कमी होत जातं. तो व्यासपीठावर चढतो आणि जाग येते.

वीस वर्षांपूर्वी वाट दाखवून उभी राहिलेली बाई आता पुढे चालते आहे आणि तिची मागणी नेमकी आहे: लोकांपुढे बोल. १९५३ मध्ये पाउलीनं सक्रिय कल्पनेच्या पद्धतीनं, म्हणजे जागेपणी स्वप्नातल्या आकृतीशी संवाद चालू ठेवून, पियानो शिकवणाऱ्या एका बाईबरोबरची दीर्घ कथा लिहिली. त्यात बाई त्याला एक अंगठी देते. ती कथा त्यानं मारी-लुईझ फॉन फ्रान्झ या युंगच्या सहकारिणीला अर्पण केली. छापली नाही.

निष्पत्ती

१५ डिसेंबर १९५८ ला कर्करोगानं पाउलीचा झुरिकमध्ये मृत्यू झाला. दुसरं लग्न टिकलं, मोठं काम झालं, १९३२ सारखी घसरगुंडी पुन्हा झाली नाही. हे यश उपचाराचंच आहे आणि ते लहान नाही. व्यासपीठावरचं भाषण मात्र झालं नाही. पत्रं छापली गेली तेव्हा त्यावर बोलायला तो नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

पाउलीनं सगळं जाहीर करायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. पन्नाशीतल्या नोबेलविजेत्यानं चिनी बाईच्या सांगण्यावरून भाषण केलं असतं तर काय झालं असतं, हे कुणालाही कळतं. पण सगळं किंवा काहीच नाही, असे दोनच मार्ग नव्हते. केप्लरच्या वेळी त्यानं दाखवलंच होतं की स्वप्नाची मागणी कामात उतरवता येते. तसं दुसरं काम, एखाद्या लहान, विश्वासू गटापुढे का होईना, हातात घेता आलं असतं. तिनं बोल म्हटलं होतं, जगापुढे बोल म्हटलं नव्हतं. सभागृहात परकेच बसले होते.

१९३४ मध्ये थांबताना युंगनं एक प्रश्न विचारायला हवा होता, असं मला राहून राहून वाटतं: त्या घरातल्या आवाजानं जे मागितलं होतं त्याचं काय झालं? रुग्णाला अडवायला नको होतं. पण वर्तुळं पाहून मार्गदर्शकाचं काम संपलं, असं धरणं घाईचं होतं. आकृती शांत झाली म्हणजे तिचं म्हणणं पुरं झालं असं नसतं, हे पुढच्या दोन दशकांनी दाखवलं.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप पद्धतीवर आहे. युंगनं ही मालिका छापताना स्वप्न पाहणाऱ्याला त्या त्या प्रतिमेवरून काय आठवतं, हे जाणूनबुजून बाजूला ठेवलं. आपल्यालाच ही स्वप्नं पडली आहेत असं समजून आपण अर्थ लावला, असं तो स्वतः लिहितो. संदर्भ मालिकाच पुरवते, हे त्याचं समर्थन. टोपी आणि वर्तुळांसाठी ते चालूनही जाईल. पण जिन्यावर बुरखा घेऊन बसलेल्या बाईसाठी चालत नाही. या माणसाच्या आईनं पाच वर्षांपूर्वी जीव दिला होता आणि छापलेल्या अभ्यासात त्या मृत्यूचा पत्ता नाही. नाव लपवायचं म्हणून काही तपशील गाळावे लागतात, हे खरं. पण आई, मोडलेलं लग्न आणि रोझेनबाउमच्या खोलीतले ते पाच महिने गाळल्यावर मेंढ्यांच्या प्रदेशातली बाई कितपत आदिबंध आहे आणि कितपत आई, हे ठरवायचं साधनच वाचकाच्या हाती उरत नाही. ते ठरवू शकली असती ती रोझेनबाउम. तिच्या बाजूनं हे प्रकरण कधी लिहिलं गेलं नाही.